पाच पेट्या, एक एकर कांदा आणि पावसाळ्याचे तीन महिने

मधमाश्यांची पेटी उघडायच्या आधी ती मागच्या बाजूने दोन बोटं उचलून बघायची, हे मला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. जड लागली तर आत मध आहे, हलकी लागली तर माश्या उपाशी आहेत. २०२२ च्या जुलैमध्ये मी ते केलं नाही. सोयाबीनचं निंदण चालू होतं, पाऊस लागून राहिला होता, आणि माझ्या डोक्यात एकच होतं की माश्या म्हणजे काही म्हशी नाहीत, त्यांना कोण चारा घालतं? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली तेव्हा कडेच्या पेटीसमोर हालचाल दिसेना. झाकण काढलं तर पोळ्याच्या घरांमध्ये डोकं खुपसून, शेपटीकडचा भाग बाहेर ठेवून माश्या मेलेल्या. शेकडो. तळाशी खच पडलेला. शेवटचा थेंब चाटायला आत शिरल्या आणि तिथेच संपल्या.

त्याच्या शेजारची पेटीही आठ दिवसांत गेली. पाचाच्या तीन राहिल्या.

आमची शेती देऊळगाव राजा तालुक्यात. चार एकर. हा सगळा जालन्यापर्यंतचा पट्टा बीजोत्पादनाचा. कुणाच्या शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बी, कुणाकडे उघड्या रानात कांद्याचं. आम्ही एका एकरात कांद्याचं बी करतो, बाकी सोयाबीन, तूर, थोडे तीळ आणि पाणी उरलंच तर वीस-पंचवीस गुंठे सूर्यफूल. मधासाठी पेट्या घ्याव्यात असं मला कधी वाटलं नव्हतं. झालं असं की २०२१ च्या एप्रिलमध्ये आमचं कांद्याचं बी एकरी फक्त एक क्विंटल सत्तर किलो निघालं. डेंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गोंडे, दिसायला टपोरे, पण हातावर चोळले की निम्म्या बोंडांतून पोचट टरफलं उडायची. बियाण्याच्या कंपनीचा सुपरवायझर बांधावर उभा राहून म्हणाला, "वहिनी, खत-पाण्यात काही कमी नाही. माशी नाही तुमच्या रानात."

तोवर मला वाटायचं की कांद्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात म्हणजे ते आपलं आपण फळतं. तसं होत नाही. कांद्याच्या फुलात परागकण आधी झडून जातात, आणि त्याच फुलाचा स्त्रीभाग पराग घ्यायला तयार होतो तो नंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत कुणीतरी नेऊन द्यावा लागतो. वाऱ्याने ते फारसं साधत नाही, माशीच लागते. आणि आमच्याकडे पूर्वी विहिरीच्या काठावरच्या लिंबावर आग्यामोहोळ बसायचं, ते चार-पाच वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

त्या सप्टेंबरमध्ये मी खादी व ग्रामोद्योग मंडळाचं दहा दिवसांचं प्रशिक्षण महाबळेश्वरला केलं. तिथलं जंगल जांभळाचं, कारवीचं, आणि पेट्यांतली माशी सातेरी. चणीने लहान, डोंगरातल्या हवेत रमणारी. आमच्या उघड्या रानात, जिथे एकाच पिकाचा मोठा फुलोरा एकदम येतो, तिथे मेलिफेरा ही परदेशी माशी जास्त चालते असं तिथल्याच मधपाळांनी सांगितलं. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्यांवर निम्मं अनुदान असतं, पण अर्ज मंजूर होऊन पेट्या यायला थांबले असते तर कांद्याचा फुलोरा निघून गेला असता. म्हणून पेट्या घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या एका मधपाळाकडून साडेचार हजाराला एक याप्रमाणे पाच पेट्या घेतल्या, प्रत्येकीत माश्यांनी भरलेल्या आठ चौकटी. जाळीची टोपी, धुरांडं, सुरी, चौकट उचकायची पट्टी हे सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास गेलं. मध काढायचं यंत्र घेतलं नाही, ते आजही भाड्यानेच आणते.

घरात मामाजींचा विरोध होता, आणि यांचा नव्हता पण यांना दुसऱ्याच दिवशी डोळ्यावर माशी चावली आणि तोंड असं सुजलं की दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही पेटीजवळ जायचं नाही. त्यामुळे पेट्या माझ्याकडे आल्या त्या आल्याच.

नोव्हेंबरमध्ये तूर फुलात होती. पेट्या तुरीच्या कडेला, पूर्वेकडे तोंड करून, लोखंडी स्टँडवर ठेवल्या आणि स्टँडचा एकेक पाय पाण्याच्या वाटीत. नाहीतर मुंगळे रात्रीतून पेटीत शिरतात. माश्या छान वाढल्या. मी निर्धास्त. जानेवारीच्या शेवटी कांद्याचे डेंगळे उमलायला लागले तेव्हा रोज सकाळी दहाला रानात जाऊन मोजायचे: वीस डेंगळ्यांवर किती माश्या? दोन. कधी तीन. पेटीच्या तोंडाशी मात्र रेल्वे स्टेशनसारखी गर्दी. मग कळलं, सगळ्या माश्या शेजारच्या भावजींनी धण्यांसाठी लावलेल्या कोथिंबिरीवर होत्या.

याचं कारण मला त्या पेट्या विकणाऱ्या मधपाळाने फोनवर सांगितलं. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, माशीला ती चव फारशी आवडत नाही. तिला दुसरं काही मिळालं तर ती कांद्याकडे ढुंकून बघत नाही. आणि माशीला एकदा एका फुलाची सवय लागली की ती तेच फूल धरून बसते. माझ्या पेट्या नोव्हेंबरपासून तिथेच असल्यामुळे माश्यांना आजूबाजूचं सगळं पाठ झालं होतं. कोथिंबीर फेब्रुवारीच्या मध्यावर संपली तेव्हा कुठे त्या कांद्यावर उतरल्या. तोवर आमचा निम्मा फुलोरा उलटून गेला होता. त्या वर्षी बी निघालं दोन क्विंटल दहा किलो.

पुढच्या वर्षी पेट्या डिसेंबरअखेर इथून हलवल्या. हलवायच्या म्हणजे किती लांब, हाही एक धडाच. दोनशे-तीनशे मीटरवर सरकवल्या तर बाहेर चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागी परत येतात आणि तिथेच घोंगावत मरतात. कमीत कमी तीन किलोमीटर तरी न्याव्या लागतात. आमच्या नणंदबाईंचं गाव सहा किलोमीटरवर, त्यांच्या बांधावर ठेवल्या. दिवस मावळल्यावर सगळ्या माश्या आत आल्या की तोंडाला जाळी मारायची, पट्ट्याने पेटी आवळायची आणि रात्रीच ट्रॉलीत गवत अंथरून न्यायची. महिनाभर तिथे राहिल्या. बाहेर चरणारी कामकरी माशी दोन-तीन आठवड्यांच्या वर जगत नाही, त्यामुळे परत आणल्या तोवर आमच्या गावची वाट माहीत असलेल्या माश्या फारशा उरल्या नव्हत्या. आणल्या कधी? दहा डेंगळ्यांमागे एक उमललेला दिसल्यावर. आणि तुरीच्या कडेला नाही, कांद्याच्या मधोमध. सकाळी जाळी काढली, आणि चौथ्या दिवशी मोजलं तर वीस डेंगळ्यांवर सोळा माश्या. कोथिंबीर तेव्हाही फुलात होतीच, तिच्यावरही जात होत्या, पण आमच्या वाट्याचं आमच्याकडे येत होतं.

हे २०२३ चं. त्याच फेब्रुवारीत फवारणीही झाली, त्यावर येतेच. आधी पावसाळ्याचं पूर्ण करते, कारण त्या दोन पेट्या गेल्या नसत्या तर मी हिशेब मांडायलाच बसले नसते.

आमच्याकडे लिंब-करंज मे पर्यंत फुलून संपतात. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत माशीला खायला जवळजवळ काही नसतं. हिरवंगार दिसतं सगळं, म्हणून माणूस फसतो. सोयाबीन-कपाशीचं रान वीतभर, फुलं कुठेच नाहीत, आणि पावसाने माशी बाहेरही पडू शकत नाही. ऑगस्टच्या मध्यावर मक्याला तुरा आला की पराग मिळतो, मग तीळ फुलतो, सप्टेंबरात बोरी, आणि पुढे तूर. म्हणजे मधले दहा आठवडे सांभाळायचे. चार एकरांत आपण काय पेरतो याला यात फार अर्थ नसतो, कारण माशी दीड-दोन किलोमीटर फिरते. आपलं रान तिच्या ताटातला एक घास असतो.

उपाय महाग नाही, हेच मनाला लागतं. साखर आणि पाणी सारख्या वजनाने घेऊन, पाणी उकळून त्यात साखर विरघळवायची, गार करायची, आणि पेटीच्या आत पत्र्याच्या डब्यात ओतून वर काड्या टाकायच्या, नाहीतर माश्या त्यात बुडतात. दर पेटीला आठवड्याला अर्धा किलो साखर. तीन पेट्यांना दहा आठवडे म्हणजे पंधरा किलो, चाळीस रुपयांनी सहाशे रुपये. मी २०२२ मध्ये हे सहाशे-हजार वाचवले आणि नऊ हजारांच्या दोन पेट्या घालवल्या.

पाक संध्याकाळीच द्यायचा, आणि बाहेर एक थेंब सांडू द्यायचा नाही. मी एकदा दुपारी दिला. वासाने सशक्त पेटीतल्या माश्या अशक्त पेटीत घुसल्या, तोंडाशी कुस्ती सुरू झाली, तासाभरात फळीवर मेलेल्या माश्यांचा सडा. तेव्हा ओलं गवत तोंडाशी कोंबून जेमतेम एक माशी जाईल एवढी फट ठेवली, तरी लूट थांबायला संध्याकाळ झाली. आता जूनमध्येच सगळ्या पेट्यांची तोंडं लाकडी पट्टीने बारीक करून ठेवते. रिकाम्या, माश्यांनी न झाकलेल्या चौकटीही काढून घेते, कारण त्यांच्यातच मेणकिडा जाळ्या विणतो.

पाक देताना आणखी एक सांभाळावं लागतं. वर मधाची कोठी चढवलेली असताना साखर द्यायची नाही. दिली तर माश्या तीच साठवतात आणि आपण मध म्हणून साखरेचा पाक विकतो. डिसेंबरनंतर माझ्याकडे साखर बंद.

जगलेल्या तीन पेट्या ऑक्टोबरमध्ये तुरीच्या फुलावर इतक्या भरल्या की त्यातल्या दोन फोडून पुन्हा पाच केल्या. अंडी आणि अगदी कोवळ्या अळ्या असलेल्या चौकटी माश्यांसकट दुसऱ्या पेटीत ठेवल्या की जिकडे राणी नसते तिकडे माश्या स्वतःच राणी तयार करतात. अंडं घातल्यापासून सोळाव्या दिवसाच्या आसपास ती घरट्यातून बाहेर येते, पण अंडी घालायला लागेपर्यंत महिना धरायचा. त्या महिन्यात पेटी उघडून उघडून बघू नये, हे कळतं पण राहवत नाही.

आता फवारणी. फेब्रुवारी २०२३, फुलोरा संपत आलेला. भावजींच्याही रानात त्या वर्षी कांद्याचं बी होतं, आणि फुलकिडे दिसले म्हणून त्यांनी सकाळी अकराला औषध मारलं. दुपारी एकला माझ्या पेट्यांसमोर माश्या जमिनीवर गरगर फिरत होत्या, पंख पसरलेले, जीभ बाहेर लोंबलेली. विषबाधेने मेलेली माशी आणि भुकेने मेलेली माशी यांतला फरक मला तोवर पाठ झाला होता. भुकेची आत मरते, पोळ्यात तोंड घालून. विषाची पेटीच्या दारात मरते, ढिगाने. पेटी उघडली तर राणी होती, अंडी होती, पण चरायला जाणाऱ्या माश्या गेल्या होत्या. आत सगळी पोरंबाळं आणि बाहेरून आणणारं कुणी नाही.

भांडायला गेले होते. भावजी खरंच ओशाळले. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या माश्या माझ्या रानात येतात हे मला कुठं माहीत?" आणि खरंच, मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाही बी भरायला त्याच माश्या लागत होत्या, हे मी त्यांना त्यांच्याच डेंगळ्यांवर माश्या दाखवून सांगितलं. तेव्हापासून आमचं ठरलंय: फुलोऱ्यात फवारायचंच असेल तर दिवस मावळल्यावर, आणि मला दुपारपर्यंत सांगायचं. मी संध्याकाळी पेट्यांच्या तोंडाला जाळी मारते, वर ओलं पोतं टाकते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत सोडते. यापेक्षा जास्त वेळ कोंडलं तर आत गुदमरून पोळी वितळतात, म्हणून सरसकट दोन-दोन दिवस पेट्या बंद ठेवणं हा उपाय नाही. आणि असर दोन-दोन दिवस राहणारं औषध असेल तर पेट्या सरळ नणंदबाईंकडे.

त्या वर्षी फवारणी फुलोऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात झाली म्हणून बी वाचलं, दोन क्विंटल ऐंशी किलो निघालं. मध मात्र जवळजवळ नाही. पेट्यांना स्वतःचंच पुरेना, तर माझ्यासाठी कुठून?

मधाबद्दल मी इतका वेळ बोलले नाही, कारण खरंच तो आमच्याकडे दुसऱ्या नंबरवर आहे. पहिल्या वर्षी, २०२२ च्या मार्चमध्ये, दोन पेट्यांतून एकोणीस किलो काढला आणि त्यातला निम्मा वाया घालवला. घाई केली. चौकटीतली घरं माश्यांनी मेणाने बंद करायच्या आतच यंत्रात घातल्या. आतलं ते मध नव्हतंच, पातळ रस होता. पंधरा दिवसांत बरण्यांत फेस आला, आंबूस वास सुटला, एका बरणीचं झाकण तर टप्पकन उडालं. मधात पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की तो आंबायला लागतो. आता चौकटीचा तीन चतुर्थांश भाग बंद झाल्याशिवाय हात लावत नाही. शंका आली तर चौकट आडवी धरून एक झटका देते. थेंब उडाले तर परत पेटीत.

कांद्याच्या मधाला सुरुवातीला कांद्याचाच वास येतो. जालन्याच्या एका ताईंनी पहिली बाटली परत पाठवली होती. दोन-तीन महिने ठेवला की तो वास जातो, म्हणून मार्चचा मध मी आषाढानंतर विकते. सूर्यफुलाचा उलटा त्रास. चवीला सुरेख, पण थंडी पडली की दाणेदार होऊन गोठतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "साखर बसली हो तळाशी." हे समजावून समजावून मी थकले. आता गोठलेलाच एक नमुना बाटलीत ठेवलाय, विकतानाच दाखवते, आणि बाटली कोमट पाण्यात ठेवायला सांगते. उकळत्या पाण्यात नाही.

२०२४ मध्ये पहिल्यांदा सगळं नीट जुळलं. पाच पेट्या, बी दोन क्विंटल नव्वद किलो, मध सेहेचाळीस किलो. घरी आणि नात्यात सहा किलो गेला, चाळीस किलो चारशेने विकला, सोळा हजार. साखर, बाटल्या, ट्रॉलीचं डिझेल, यंत्राचं भाडं मिळून तीन हजार दोनशे. बारा हजार आठशे हातात. वर्षभर दर आठवड्याला अर्धा दिवस आणि पावसाळ्यात दर संध्याकाळी चक्कर, एवढ्या कामाचे हे बारा हजार. याला कुणी लाखोंचा धंदा म्हणत असेल तर त्याच्याकडे दोनशे पेट्या आणि ट्रक असतो, तो फुलोऱ्यामागे जिल्हे पालथे घालतो. आमच्यासारख्यांना घर सोडून जाता येत नाही.

बियाचा हिशेब वेगळा. २०२१ च्या मानाने एकशे वीस किलो जास्त, किलोला चारशे रुपयांचा करार, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. ते सगळं माश्यांचं असं मी म्हणत नाही. मधल्या काळात ठिबक आलं, बियासाठी लावायचे गोट कांदेही चांगले निवडून लावले. मामाजी म्हणतात निम्मं धर. निम्मं धरलं तरी मधाच्या जवळजवळ दुप्पट होतंय. हे मामाजींच्या तोंडून निघालं यातच मी खूश.

या वर्षी भावजींनी दोन पेट्या भाड्याने मागितल्या, त्यांच्या कांद्यासाठी. एका फुलोऱ्याचे पेटीमागे दीड हजार ठरले. फवारणीची अट मी कालनिर्णयाच्या जानेवारीच्या पानामागे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, यांना ते जरा जास्तच वाटलं. अठरा फेब्रुवारीला दुपारी दीडला फोन आला, "वहिनी, आज सांजच्याला मारतोय, तुमच्या बाया आत घ्या." मी पोती भिजवायला टाकली.